एक चष्मा पान जाळतो, दुसरा जाळत नाही: मायनस आणि प्लस नंबर, शेजारी शेजारी ठेवून

मे महिन्यात देवगडजवळच्या एका घरातून आजी दुकानात आल्या. दोन नातवंडं सोबत होती आणि तक्रार अशी की दोघं खळ्यात बसून चष्म्याने सुकी पानं जाळतात. त्यात त्यांना खरं कोडं वेगळंच पडलं होतं. "दोघांचे चष्मे सारकेच दिसतत, मगे एकच कित्याक जाळता?"

मी गेली वीसेक वर्षं डोळ्यांचे नंबर काढतो आणि चष्मे बनवतो. आजींनी विचारलं त्यात या विषयाचं निम्मं उत्तर आहे. जाळणारा चष्मा साडेपाच वर्षांच्या रुद्रचा, प्लस नंबरचा. न जाळणारा दहा वर्षांच्या तन्वीचा, मायनस नंबरचा. (नावं बदलली आहेत.) दोघं चुलत भावंडं. तन्वी डोंबिवलीची, सुट्टीला आणि गणपतीला येते. रुद्र इथलाच. गेल्या गणपतीत, आठ दिवसांच्या फरकाने, दोघांचेही डोळे मीच तपासले होते.

प्लसची काच म्हणजे बहिर्गोल भिंग, मध्ये जाड आणि कडेला पातळ. ती उन्हाचे किरण एका ठिपक्यात गोळा करते. मायनसची काच अंतर्गोल, मध्ये पातळ आणि कडेला जाड. ती किरण पसरवते, त्यामुळे तन्वीच्या चष्म्याने पान गरमसुद्धा होणार नाही. घरात कुणाचा चष्मा कुठल्या जातीचा हे ओळखायचं असेल तर पानं जाळायची गरज नाही. चष्मा डोळ्यासमोर चार-पाच बोटं लांब धरा, काचेतून खिडकीच्या गजाकडे बघा आणि चष्मा हळूच उजवीकडे सरकवा. गज उजवीकडेच सरकल्यासारखा वाटला तर मायनस, उलट डावीकडे पळाला तर प्लस. आमच्या धंद्यात यंत्र बंद पडलं की आजही हेच करतात.

नंबर म्हणजे नेमकं किती

मायनसवाल्याचा डोळा पुढून मागे जरा लांब असतो. मोठ्या माणसाचा डोळा साधारण २३-२४ मिलिमीटर लांबीचा, त्यात एक मिलिमीटर वाढला की जवळजवळ अडीच-तीन नंबर पडतो. लांबून येणारं चित्र दृष्टिपटलाच्या अलीकडेच तयार होतं, पडद्यापर्यंत पोचेतो फिसकटतं. अंतर्गोल काच किरण थोडे पसरवून ते चित्र मागे ढकलते. याला पुस्तकात निकटदृष्टिता म्हणतात, म्हणजे जवळचं नीट दिसतं, लांबचं नाही.

किती जवळचं, हे नंबरावरून थेट काढता येतं. १०० सेंटिमीटरला नंबराने भागा. तन्वीचा नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस १.७५, म्हणजे चष्म्याशिवाय तिला ५७ सेंटिमीटरपर्यंत स्वच्छ दिसतं, त्यापुढे धूसर. वही दिसते, फळा दिसत नाही, एसटीची पाटी गाडी अंगावर आल्यावर वाचता येते. तक्त्यावर ती सहा-चोवीसच्या ओळीला थांबली होती, म्हणजे चांगला डोळा २४ मीटरवरून वाचतो ती ओळ तिला सहा मीटरवरूनच वाचता येत होती. मायनस १.७५ लावल्याबरोबर शेवटची ओळ, सहा-सहा, धडाधड वाचली. तिचं काम दहा मिनिटांत झालं. मायनसवालं मूल बहुतेक वेळा स्वतःच सांगतं, किंवा डोळे बारीक करून बघतं, टीव्हीजवळ जाऊन बसतं. ते लपत नाही.

रुद्रचं प्रकरण लपलेलं होतं, आणि त्याच्याबद्दल मला जास्त लिहायचं आहे.

ज्याला लांबचं दिसतं तो मुलगा

प्लसवाल्याचा डोळा आखूड. चित्र पडद्याच्या मागे तयार होऊ पाहतं. पण लहान मुलाच्या डोळ्यातलं नैसर्गिक भिंग इतकं लवचीक असतं की ते स्वतःच फुगून जास्तीचा प्लस नंबर तयार करतं आणि चित्र ओढून पडद्यावर आणतं. दहा वर्षांच्या मुलाकडे अशी बारा-चौदा नंबरांची ताकद असते. त्यामुळे चार नंबरचं प्लस मूलही तक्ता बऱ्यापैकी वाचून दाखवतं. दूरदृष्टिता या नावाने लोक फसतात ते इथे. ‘लांबचं चांगलं दिसतं’ असा अर्थ घेऊन घरचे निश्चिंत होतात. खरं तर या मुलाला लांबचं बघायलाही मेहनत आहे आणि जवळचं बघायला त्याहून जास्त.

रुद्रच्या आईने त्याला आणलं ते वेगळ्याच कारणाने. गणपतीच्या फोटोंत त्याचा डावा डोळा नाकाकडे वळलेला दिसला. आजोबांचं म्हणणं होतं, वाढला की आपोआप जाईल. शाळेतल्या तपासणीत तो पास झाला होता, कारण दोन्ही डोळे उघडे ठेवून त्याच्याकडून तक्ता वाचून घेतला होता. मी एकेक डोळा झाकला. उजव्याने सहा-नऊ, डाव्याने कसाबसा सहा-चोवीस.

मग उजव्या डोळ्यापुढे प्लस २ ची काच धरली. ज्या मुलाला नंबर नाही त्याला या काचेतून लांबचं लगेच धूसर होतं. रुद्र मात्र त्याच ओळी वाचत राहिला. म्हणजे ती दोन नंबरची मेहनत तो आधीपासून करतच होता, काचेने ती फक्त आपल्या अंगावर घेतली. एका साध्या काचेची ही चाचणी शाळेत केली तर अशी मुलं हाती लागतात. फक्त तक्ता वाचून घेणारी तपासणी मायनस पकडते, प्लस सोडून देते.

डोळा का वळला हेही याच हिशोबात आहे. जवळचं बघताना आपण दोन कामं एकत्र करतो: भिंग फुगवतो आणि दोन्ही डोळे नाकाकडे वळवतो. मेंदूत या दोघांची जोडी बांधलेली असते. चार नंबरच्या मुलाला लांबचं बघायलाच चार, आणि ३३ सेंटिमीटरवरचं चित्रांचं पुस्तक बघायला वर तीन, म्हणजे सात नंबरांची मेहनत पडते. मेहनत दुपटीहून जास्त, तर वळणंही प्रमाणाबाहेर. एक डोळा आत ओढला जातो. दोन चित्रं दिसू नयेत म्हणून मेंदू त्या डोळ्याचं चित्र बाजूला टाकतो, आणि तो डोळा बघायला शिकतच नाही. याला आळशी डोळा म्हणतात, आणि तो उशिरा सापडला तर नंतर कितीही भारी काच लावा, दृष्टी पूर्ण येत नाही.

साध्या तपासणीत रुद्रचा नंबर उजव्याला प्लस २ आणि डाव्याला प्लस ३.२५ आला, तोही दर मिनिटाला बदलणारा. अशा आकड्यावर चष्मा बनवणं चूक. भिंग आखडलेलं असताना खरा नंबर दिसत नाही. मी त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे तीन दिवस अॅट्रोपिनचं मलम डोळ्यांत घालायला सांगितलं. या औषधाने भिंगाचा स्नायू सैल पडतो आणि लपलेला नंबर बाहेर येतो. मलम तांदळाच्या दाण्याएवढंच घालायचं, मुलाच्या तोंडात जाऊ द्यायचं नाही, आणि अंग तापलं, चेहरा लाल झाला तर थांबवून डॉक्टरांना कळवायचं. बाहुल्या आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडे मोठ्या राहतात. उन्हात त्रास होतो, चित्रकथा वाचता येत नाही. आईवडील इथेच घाबरून फोन करतात.

मलमानंतर, औषधाची आणि तपासणीच्या अंतराची वजावट करून, नंबर निघाला उजवा प्लस ४, डावा प्लस ५.५०. पहिल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट. आत वळणारा डोळा असेल तर हा नंबर पूर्ण द्यायचा असतो, ‘लहान आहे, थोडा कमी देऊ’ चालत नाही. आणि औषधाचा असर आहे तोवरच चष्मा हातात द्यावा. कारण नंतर भिंग पुन्हा आखडतं, त्यावर पूर्ण प्लस काच चढली की मुलाला धूसर दिसतं आणि ते चष्मा फेकून देतं. औषध चालू असताना उलट चष्म्यानेच बरं दिसतं, म्हणून सवय पटकन लागते.

पंधरा दिवसांनी आईचा फोन आला: चष्म्याने तिरळेपणा वाढला! हा फोन मला या प्रकारच्या प्रत्येक मुलामागे येतो. घडतं असं की चष्मा लावल्यावर डोळे सरळ राहतात, त्यामुळे रात्री काढल्यावर वळलेला डोळा जास्त नजरेत भरतो. आधी तो तसाच होता, फक्त तुलनेला सरळ डोळा नव्हता. चार महिने नुसता चष्मा लावून डावा डोळा सहा-बारापर्यंत आला. मग डॉक्टरांनी उजव्यावर रोज दोन तास पट्टी लावायला सांगितली. मे महिन्यात डावा सहा-नऊला होता. पानं जाळण्याइतकी मस्ती त्याला सुचत होती हेही मला चांगलंच लक्षण वाटलं.

मग पालकांनी काय ठरवायचं

दोन्ही नंबरांत ‘चष्मा लावू की नको’ हा एकच प्रश्न विचारला जातो, पण ठरवायच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

प्लसमध्ये ठरवायचं ते वेळेचं. जन्मतः बहुतेक बाळं थोडी प्लसच असतात, साधारण दोनच्या आसपास, आणि डोळा वाढता वाढता ते आपोआप उतरतं. म्हणून चार वर्षांच्या सरळ डोळ्यांच्या मुलाला प्लस १.५० सापडला तर मी काही करायला सांगत नाही. पण डोळा वळत असेल, दोन डोळ्यांत दीडेक नंबरचा फरक असेल किंवा आकडा चारच्या पुढे असेल, तर दिवसभर चष्मा, आणि लगेच. ‘पहिलीत गेल्यावर बघू’ म्हणणाऱ्यांची मला भीती वाटते.

मायनसमध्ये ठरवायचं ते वेगाचं. हा नंबर वाढतो, आणि मूल वाढायचं थांबेपर्यंत वाढत राहतो. तन्वीचा एका वर्षात मायनस १ वरून १.७५ झाला होता. हा वेग कमी नाही. तिच्या वडिलांनी विचारलं, ‘नंबर थोडा कमी दिला तर डोळ्याला सवय होईल ना?’ नाही. मलेशियात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कमी नंबर दिलेल्या मुलांचा मायनस उलट जास्त वाढलेला दिसला. पूर्ण नंबर द्यायचा. वेग कमी करायला सध्या दोन मार्ग नेत्रतज्ज्ञ सुचवतात: अॅट्रोपिनचेच अतिशय पातळ थेंब (०.०१ ते ०.०५ टक्के, रोज रात्री), किंवा अशा काचा ज्यात मधला भाग पूर्ण नंबरचा आणि भोवती बारीक भिंगांची जाळी असते. दोन्हींनी वाढ मंदावते, असलेला नंबर उतरत नाही, हे आधीच समजून घ्यावं, नाहीतर वर्षभराने फसवल्यासारखं वाटतं.

आणि उजेड. चीनमधल्या ग्वांगझोऊ शहरात शाळांत रोज ४० मिनिटं बाहेरचा तास वाढवला, तेव्हा तीन वर्षांत नव्याने मायनस लागलेली मुलं ३९.५ टक्क्यांऐवजी ३०.४ टक्के राहिली. उघड्यावरचा उजेड नंबर लागायला उशीर करतो. लागलेल्यावर त्याचा उपयोग कमी दिसतो. तन्वीला मी मुद्दाम सांगितलं, सुट्टीत पडवीत बसून मोबाइल बघणं हे ‘गावाला बाहेर असणं’ धरायचं नाही.

काच आणि फ्रेम, आमच्या हवेत

तन्वीच्या काचेसाठी तिचे वडील ‘सगळ्यात पातळ’ मागत होते. मायनस १.७५ ला १.६७ वक्रीभवनांकाची महागडी पातळ काच घेण्यात पैसे वाया आहेत, छोट्या फ्रेमच्या कडेला फरक नखाएवढाही दिसत नाही. चारच्या पुढे तो विचार करावा. मुलांना मात्र दोन्ही नंबरांत पॉलिकार्बोनेट, कारण ती फुटून डोळ्यात जात नाही.

प्लसला जाडी मध्ये असते आणि फ्रेम जितकी मोठी तितकी मधली ढेरी वाढते. म्हणून रुद्रसाठी लहान, गोलसर फ्रेम निवडली, बाहुली काचेच्या मध्यावर येईल अशी. काचही कमी फुगीर, अॅस्फेरिक घेतली. आईला त्याचे डोळे काचेमागे मोठे दिसल्याचं वाईट वाटलं. प्लसमागे डोळे मोठे आणि मायनसमागे बारीक दिसतात, याला इलाज काचेच्या आकाराचाच, नंबर कमी करण्याचा नाही.

आमच्याकडचा खरा शत्रू घाम. चष्मा नाकावरून घसरतो. तन्वीच्या नंबरला थोडं घसरल्याने फारसं बिघडत नाही, रुद्र मात्र काचेच्या वरून बघायला लागतो, म्हणजे चष्मा लावलाच नाही असं होतं. त्याला मागून इलॅस्टिकचा पट्टा लावला. धातूची फ्रेम किनाऱ्यावर टाळा, बिजागरीच्या स्क्रूला वर्षभरात हिरवं चढतं. आणि खाऱ्या वाऱ्यातून आल्यावर काच शर्टाने पुसू नका. आधी साध्या पाण्याखाली धरा, मग पुसा. मिठाचे कण कोटिंगवर खरडतात.

दोन भाऊ, चाळिशीच्या दारात

मुलांना घेऊन आलेले वडीलही त्याच वंशाचे. तन्वीचे वडील ४४ वर्षांचे, मायनस २.५०. रुद्रचे वडील ४१चे, बोटीवर जातात. ते तपासायला तयारच नव्हते. "माका लांबचा तुमच्यापेक्षा बरा दिसता." दिसत होतंच. पण जाळ्याची फाटलेली दोरी ओवताना ते सुई हात लांब करून धरायचे आणि संध्याकाळी कपाळ दुखायचं. गावात सगळे म्हणाले, चाळिशी लागली.

चाळिशी आणि प्लस नंबर एक नव्हे. चाळिशीत डोळ्याची लांबी बदलत नाही, आतलं भिंग ताठर होतं. ४१व्या वर्षी साधारण पाचच नंबरांची ताकद उरते, आणि माणूस सुखाने तिचा निम्मा भागच वापरू शकतो. ४० सेंटिमीटरवरच्या कामाला अडीच लागतात, म्हणजे जेमतेम भागावं. पण यांचा लपलेला नंबर निघाला प्लस १.५०. अडीच आणि दीड मिळून चार, पाचांपैकी. म्हणून कपाळ दुखत होतं. त्यांना दोन भागांची काच नकोच होती. एक साधी प्लस १.५० लांबचा दीड उचलते, उरलेले अडीच ते स्वतः निभावतात. लांबलाही तीच चालते. पंचेचाळिशीनंतर जवळसाठी वाढीव नंबर लागेल, तेव्हा बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह बघू.

मोठ्या भावाचं उलटं. तो चष्मा काढतो आणि पेपर वाचतो, कारण मायनस २.५०चा डोळा आपोआप ४० सेंटिमीटरवर स्थिर असतो. त्याला मुंबईत लेझर करून घ्यायचं होतं. मी विचारलं, दिवसातून किती वेळा चष्मा काढून वाचता? लेझरने लांबचं सुटेल, पण ही फुकटची सोय जाईल आणि वाचायचा चष्मा लागेल. २५व्या वर्षी हा सौदा चांगला होता, ४४व्या वर्षी विचार करण्यासारखा. कॉन्टॅक्ट लेन्सलाही हेच लागू, वर इथल्या विहिरीत, समुद्रात लेन्स घालून उतरायचं नाही, पाण्यातल्या अमिबाचा संसर्ग बुबुळ घालवू शकतो. शेवटी त्याने गाडी चालवताना मोबाइलचा नकाशाही दिसावा म्हणून प्रोग्रेसिव्ह घेतली. पहिले आठ-दहा दिवस जिना उतरताना मान खाली घालून बघावं लागलं.

जाता जाता आजी म्हणाल्या, आमच्या यांका बरां, सत्तरी उलटली आणि वाचायचो चष्मो सुटलो. मी आजोबांना बोलावून घेतलं. वाचायचा चष्मा या वयात सुटत नाही. मोतीबिंदूने भिंगाचा गाभा कडक झाला की डोळा मायनसकडे झुकतो, तेव्हा जवळचं काही दिवस छान दिसतं आणि लांबचं जातं. रक्तातली साखर वाढली तरी नंबर असाच हलतो, म्हणून तीही तपासून घ्यायला सांगितलं. साखर ठीक निघाली. आजोबांना खळ्यातून माडावरची शहाळी मोजता येत नव्हती, आणि ते कुणाला सांगितलं नव्हतं.